उमेदवाराला कडता कसा लावावा : नवशिक्या परीक्षकांसाठी

साहित्य : लाल शाईचं पेन एक. शंभर गुणांचा छापील तक्ता, त्यात शेवटचा रकाना ‘पगार व ठिकाण, २० गुण’. अर्ज तीन. चहा लागेल तसा. आणि समोरच्या खुर्चीत एक मालक, ज्यांना तासाभरात मोंढ्यात पोचायचंय.

एवढं जमलं की तुम्ही निवड करायला बसू शकता. मी नांदेड आणि लातूर या दोन गावांत बरीच वर्षं हेच करतोय. तेलगिरण्या, डाळमिल, दवाखाने, क्लासेस, ज्यांना माणूस हवा असतो पण शोधायला सवड नसते, त्यांचे अर्ज चाळून द्यायचे आणि गुण लावून नावं खालीवर करायची. या कामात नव्यानं येणाऱ्याला शिक्षणाचे, अनुभवाचे गुण देताना फार विचार करावा लागतो. शेवटच्या रकान्यात मात्र पेन आपोआप पळतं. मुलगा पुण्यात आहे, चाळीस मागतोय, कापा वीस. इतकं सोपं काम दुसरं नाही, म्हणून ही मार्गदर्शिका त्या एका रकान्यापुरतीच आहे.

उदाहरणासाठी एकच जागा घेऊ. लातूरच्या एमआयडीसीतली एक सोयाबीन तेलगिरणी. तिला प्रयोगशाळा सांभाळणारा माणूस हवा होता. गाडी आली की नमुना काढायचा, ओलावा मोजायचा, काडीकचरा आणि माती किती ते बघायचं, तेलाचं प्रमाण काढायचं, पेंडीत तेल किती शिल्लक राहिलं ते तपासायचं. हंगामात, म्हणजे दसऱ्यानंतर माल उतरायला लागला की, काम तीन पाळ्यांत आणि पहिली पाळी सकाळी सातला. मालकांनी माझ्याकडे येण्याआधीच जाहिरात देऊन टाकली होती : ‘ठिकाण, मराठवाडा. पगार वार्षिक ३.६ ते ४.८ लाख.’ तीन अर्ज कामाचे निघाले. एक हडपसरहून, एक नांदेडहून, एक उदगीरहून. तिघांची नावं आपल्याला नकोत, गावं पुरेत.

पायरी पहिली. अर्जात अपेक्षित पगाराचा आकडा शोधा, तो मोठा दिसला की कापा. आकडा कशाचा आहे हे विचारू नका. विचारलं की कापायला काही उरत नाही.

हडपसरच्या मुलानं लिहिलं होतं, ‘अपेक्षा : चाळीस हजार.’ मालक म्हणाले, “चाळीस? आपण तर पस्तीसला माणूस बघतोय. कापा.” आता जाहिरातीतले ४.८ लाख बाराने भागा. चाळीसच येतात. म्हणजे मुलगा जाहिरातीतलाच वरचा आकडा मागतोय असंही म्हणता येईल, आणि तसं असेल तर तफावत शून्य आहे. पण तो हातात पडणारे चाळीस मागत असेल, तर गोष्ट वेगळी. कंपनी ज्याला महिना चाळीस हजार म्हणते त्यातून मालकाच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी आधी बाजूला जातो. मूळ वेतन निम्मं, म्हणजे वीस हजार धरलं आणि निधीची कापणी १५,००० च्या मर्यादेवर धरली, तर ते १,८०० रुपये. ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे ९६२. मग उरलेल्यातून मुलाच्या वाट्याचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० जातात. हातात राहतात ३५,२०० च्या आसपास. मालकांच्या तोंडी असलेले ‘पस्तीस’ आणि जाहिरातीतले ‘चाळीस’ हे एकच पैसे आहेत, हे मालकांनाही कागदावर मांडून दाखवावं लागलं. खालच्या टोकाचे ३.६ लाख याच हिशेबानं हातात साडेपंचवीस हजार होतात.

म्हणून पगाराच्या तफावतीवर गुण कापायचेच असतील तर आधी दोन्ही आकडे एका मापात आणावे लागतात, आणि आपल्याकडे माणसाला कळणारं माप एकच आहे : हातात किती पडतात. अर्जावर ‘पॅकेज’, जाहिरातीत ‘वार्षिक’, घरी आईला सांगताना ‘हातात’, आणि सोयरिकीच्या बैठकीत त्याहून वरचा चौथाच आकडा. एकाच मुलाचा पगार चार ठिकाणी चार असतो आणि त्यात तो एकदाही खोटं बोललेला नसतो. (चौथ्या ठिकाणाबद्दल मी पैज लावणार नाही.)

हडपसरला फोन लावला. मुलगा म्हणाला, “हातातलेच म्हणतोय सर, चाळीस.” म्हणजे वरच्या टोकापेक्षा पावणेपाच हजार जास्त, साडेतेरा टक्क्यांच्या घरात. ही खरी तफावत. नवशिक्यानं इथे समाधानानं पेन उचलावं. पण आणखी एक प्रश्न बाकी आहे, तो दुसऱ्या पायरीत येतो.

पायरी दुसरी. अर्जावरचा पत्ता हेच उमेदवाराचं ठिकाण समजा. पुणे म्हणजे लांब, नांदेड म्हणजे जवळ, उदगीर म्हणजे जिल्ह्यातच. नकाशा उघडू नका.

या पायरीनं मालकांनी असे गुण दिले : हडपसरला वीसपैकी शून्य, नांदेडला अठरा, उदगीरला दहा. उदगीरला दहाच का, ते पुढे. आधी नांदेड बघू, कारण या रकान्यानं सगळ्यात मोठा घात तिथे केला.

नांदेडच्या उमेदवाराची अपेक्षा होती हातात तीस. जाहिरातीच्या बरोबर मध्यात. अनुभव चांगला, बोलणं गोड. ठिकाणाचं विचारलं तर म्हणाला, “आपलंच की सर, मराठवाडाच. अप-डाऊन करतो.” अप-डाऊन हा आपल्याकडचा असा शब्द आहे की तो ऐकला की समोरच्याचं अंतराचं भान सुटतं. मास्तर करतात, तलाठी करतात, बँकेचे साहेब करतात, मग लॅबवाल्यानं का नाही? मालकांनी मान डोलावली.

आता हिशेब. नांदेड ते लातूर, लोहा, अहमदपूर, चाकूर करत, रस्त्यानं १४० किलोमीटरच्या आसपास. जाऊन येऊन २८०. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ७,२८० किलोमीटर. मोटारसायकल लिटरला पन्नास चालली तरी १४५ लिटर पेट्रोल, लिटरचा भाव शंभराच्या वर. महिन्याला पंधरा हजार तर टाकीतच गेले. तिसातले पंधरा. एसटी स्वस्त, पण एका बाजूला तीन-साडेतीन तास, आणि सातच्या पाळीला पोचायचं तर नांदेडहून रात्री तीनच्या सुमाराला निघावं लागेल. रेल्वेचं विचारू नका. गाडी पूर्णा, परभणी, परळी, लातूर रोड असा वळसा घेते. रेल्वेच्या दृष्टीनं नांदेड आणि लातूर शेजारी नाहीत, चुलत-चुलत भाऊ आहेत.

नांदेडवाल्याला मी एवढंच विचारलं की खोली करून लातुरात राहाल का. तो म्हणाला, बायको मुदखेडकडच्या जिल्हा परिषद शाळेवर आहे, पोरगी पहिलीत गेलीय, राहणं जमणार नाही. सरळ, प्रामाणिक उत्तर. त्या क्षणी त्याचे अठरा गुण संपले होते. पगार जुळत होता, जिल्हा शेजारचा होता, आणि तरीही तिघांमध्ये सगळ्यात मोठी तफावत त्याचीच होती. काम रोज सातला हजर राहण्याचं आहे, माणूस हलणार नाही, आणि अंतर रोज कापण्यासारखं नाही. या तीन गोष्टी एकत्र आल्या की ठिकाणाची तफावत खरी. यांतली एक जरी नसती, म्हणजे काम घरून होणारं असतं, किंवा तो राहायला तयार असता, किंवा गाव औसा असतं, तर पेन खाली ठेवावं लागलं असतं.

हडपसरच्या मुलाचं गाव औसाच निघालं. अर्जाच्या शेवटच्या ओळीत ‘कायमचा पत्ता’ होता, तो कुणी वाचला नव्हता. औसा ते लातूर वीस किलोमीटर. घर स्वतःचं, वडिलांची चार एकर, आईचे गुडघे धरलेले. पुण्यात तो खोलीचे आठ हजार आणि मेसचे साडेतीन हजार भरत होता. म्हणजे पुण्यातले चाळीस खोली आणि मेस वजा करून साडेअठ्ठावीस उरत होते, आणि औशात पस्तीस मिळाले तर पेट्रोलचे दोन-अडीच हजार वजा जाता बत्तीस-तेहतीस उरणार होते. त्यानं हा हिशेब माझ्याआधीच केलेला होता. मी नीट विचारल्यावर म्हणाला, “पस्तीस दिले तर आलोच समजा. चाळीस पुण्याच्या हिशेबानं लिहिलं होतं.”

बघा म्हणजे काय झालं. तक्त्यात त्याच्या नावावर दोन दोष होते, ठिकाण पुणे आणि पगार जास्त. प्रत्यक्षात दोष एकच होता, तो म्हणजे पुण्याचं भाडं. ते एकदा ठिकाणाच्या नावानं कापलं गेलं, एकदा पगाराच्या नावानं. ठिकाण बदललं की पगारही खाली येणार होता. ही दुहेरी कापणी इतकी सर्रास होते की मला वाटतं हा रकाना छापतानाच दोन शब्द एकत्र लिहायला नको होते.

इथे मालकांना समजावताना माझं काही चालेना, तेव्हा मी त्यांच्याच मालाचा आधार घेतला. सोयाबीनची गाडी आली की तुम्ही काय करता? आधी मॉइश्चर मीटर लावता. नुसत्या नजरेनं ‘ओला दिसतोय’ म्हणून कडता लावला तर शेतकरी तिथेच भांडायला उभा राहतो. हमीभावाच्या खरेदीत ओलावा बारा टक्क्यांपर्यंत चालतो, त्याच्या वर गेला तर प्रश्न. पण ओला माल म्हणजे खराब माल नव्हे. दोन दिवस उन्हात पसरला की वाळतो. माती आणि खडे वाळत नाहीत. आणि एकदा ओलाव्याचं वजन वजा केलं की तेच वजन परत दुसऱ्या नावानं कुणी वजा करत नाही, निदान मोंढ्यात सगळ्यांसमोर तरी नाही.

पगाराची बहुतेक तफावत ओलावा असते. बोललं की वाळते. ठिकाणाची तफावत कधी ओलावा असते, कधी खडा. फोन केल्याशिवाय कळत नाही. आणि मर्यादाही काही दगडावर कोरलेली नसते. २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारनं बारा टक्क्यांची मर्यादा पंधरापर्यंत सैल केली होती, कारण शेतकऱ्याचा माल त्या वर्षी तसाच होता. तशीच मालकांची वरची मर्यादा. ती खरंच मर्यादा आहे की गेल्या वर्षीच्या माणसाचा पगार आहे, हे गुण कापण्याआधी मालकांना विचारायचं असतं.

मालकांना उपमा पटली. पण त्यातून त्यांनी भलताच अर्थ काढला. “म्हणजे पोरगा घरीच राहणार, भाडं वाचणार. मग अठ्ठावीसच द्या की त्याला.”

नवशिक्यांनो, हे लक्षात ठेवा, कारण हे प्रत्येक ठिकाणी होतं. माणूस येईल का हे कळावं म्हणून आपण त्याचा घरखर्च विचारतो. त्याच्या कामाची किंमत त्यावरून ठरत नाही. औशाच्या मुलाला अठ्ठावीस देऊ केले असते तर तो आलाही असता, आणि दिवाळीनंतर पुढच्या गिरणीनं तेहतीस म्हटलं की गेलाही असता. त्याचं मॉइश्चर तुम्ही मोजलंत ते माल घ्यायचा की नाही हे ठरवायला. नंतर भाव पाडायला तेच मशीन वापरलं की त्याला मोंढ्यात काय म्हणतात ते मालकांना मी सांगायची गरज नव्हती.

पायरी तिसरी. उमेदवारानं कमी पगार मागितला तर त्याला कमी लायक समजा. आणि ती मुलगी असेल तर लग्नाचाही अंदाज बांधा.

उदगीरच्या मुलीनं परभणीच्या कृषी विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानाची पदवी घेतली होती, दोन वर्षं एका छोट्या प्रयोगशाळेत काम केलं होतं, आणि अपेक्षेच्या जागी लिहिलं होतं बावीस हजार. आपल्या हिशेबानं खालचं टोक साडेपंचवीस. म्हणजे ती जाहिरातीपेक्षाही खाली. मालक म्हणाले, “एवढं कमी मागतीय म्हणजे काही तरी कमी असेल.” आणि मग, “उदगीरहून रोज येणार कशी? उद्या लग्न झालं म्हणजे?” दोन्हींचे मिळून दहा कापले.

कमी मागणं ही तफावतच नाही. तफावत तेव्हा, जेव्हा एक बाजू देऊ शकते त्यापेक्षा दुसरी जास्त मागते. कमी मागणाऱ्याला जाहिरातीतलं खालचं टोक द्यायचं आणि तो रकाना सोडून पुढे जायचं. तिनं बावीस का लिहिलं, हे विचारल्यावर उत्तर साधं होतं : आत्ता अठरा मिळतात, वर चार टाकले. ज्या गावात सगळ्यांनाच कमी मिळतं तिथून येणारी माणसं कमीच मागतात. त्यात त्यांची लायकी दिसत नाही, गावाचा भाव दिसतो.

आणि ठिकाणाचं म्हणाल तर तिनं स्वतः सांगितलं की लातुरात मावशी आहे, आधी तिच्याकडे, मग खोली. क्लासेसमुळे लातुरात मुलींच्या हॉस्टेलांची आणि मेसची कमी नाही. बारावीच्या पोरी राहतात तिथे प्रयोगशाळेतली बाई राहू शकते. लग्नाबद्दल मी तिला विचारलं नाही आणि तुम्हीही कधी विचारू नका. तो अंदाज मालकांच्या डोक्यातला होता, तो अर्जाच्या गुणांत येण्याचं कारण नाही. औशाच्या मुलाचं लग्न झालं तर तो पुण्याला परत जाईल का, हे त्यांनी विचारलं नव्हतं. वास्तविक तो धोका जास्त होता. आपल्याकडे मुलीकडचे पुणेच विचारतात. ‘स्थळ’ या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत ते उगीच नाहीत.

पायरी चौथी. जाहिरातीत चूक असली तरी गुण उमेदवाराचेच कापा.

ही पायरी लहान आहे. ‘ठिकाण, मराठवाडा’ लिहिलं की किनवटपासून परांड्यापर्यंतचा कुणीही अर्ज करेल, आणि त्यानं केला तर चूक त्याची नाही. ‘पगार पात्रतेनुसार’ लिहिलं असेल तर उमेदवारानं साठ हजार लिहिले तरी तफावत मोजता येत नाही, कारण दुसरं टोकच नाही. जिथे एक बाजू कोरी आहे तिथे रकानाही कोरा ठेवायचा. शून्य आणि कोरा यांत फरक आहे. शून्य म्हणजे विचारलं आणि जुळलं नाही. कोरा म्हणजे अजून विचारलं नाही. तक्त्यात बेरीज करणाऱ्याला हा फरक दिसत नाही, म्हणून बेरीज करण्याआधी फोन.

मराठवाडा एकच, हा गैरसमज सरकारनंही ठेवलेला नाही. केंद्रीय कर्मचाऱ्याच्या घरभाड्यासाठी नांदेड वाय वर्गात आहे आणि लातूर झेड वर्गात. महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर गेल्यापासून वाय वर्गाला वीस टक्के आणि झेडला दहा. म्हणजे ३५,४०० मूळ वेतनाच्या माणसाला नांदेडात ७,०८० आणि लातुरात ३,५४० घरभाडं. क्लासेसच्या परिसरात खोली शोधून बघितलेला माणूस यावर हसेल. पण ठिकाणाचे पैसे वेगळे आणि कामाचे वेगळे, ही सरकारी मांडणी आपल्या रकान्यापेक्षा शहाणी आहे.

उलट बाजूही सरकारचीच. शिक्षकभरतीत गुणवत्तेप्रमाणे जिल्हा मिळतो, तिथे ‘हा राहील का’ म्हणून गुण कापायची सोयच नाही. त्यामुळे आपल्याकडची कितीतरी मुलं-मुली कोकणातल्या शाळांवर गेली, आणि हजर झाल्या दिवसापासून आंतरजिल्हा बदलीची वाट बघत राहिली. बदली मिळाली की मागे जागा रिकामी. मी त्या पद्धतीला नावं ठेवत नाही. लाखो अर्जांच्या भरतीत कुणाच्या मनातलं राहणं मोजायला बसलं तर वशिला मोजला जाईल. पण आपण तीन अर्जांसमोर बसलोय. आपल्याकडे फोन आहे.

तर फोनवर काय विचारायचं. मी साधारण तीनच गोष्टी काढतो, त्याही गप्पांतून. सध्याच्या गावात काय अडकलंय : फ्लॅटचा हप्ता, जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा. वाघोलीत फ्लॅट घेऊन वीस वर्षांचा हप्ता चालू असलेला माणूस ‘गावाकडं यायचंच आहे’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण येतही नसतो. दुसरं, नव्या गावात पूर्वी कधी राहिलाय का. आणि तिसरं मी विचारत नाही, नुसतं ऐकतो : तो मला काय विचारतो. जो एमआयडीसीजवळ खोलीचं भाडं काय आहे असं विचारतो तो येतो. जो सकाळची पहिली एसटी कितीला आहे विचारतो तो अप-डाऊन करणार. आणि जो काहीच न विचारता ‘दोन दिवसांत कळवतो’ म्हणतो, त्याच्या नावापुढे मी पेन्सिलीनं टिंब देतो.

यानंतर कापायचं किती? माझा अंदाजपंचे नियम असा आहे, तो कुठल्या पुस्तकातला नाही. दोन्ही आकडे हातातल्या पैशांत आणल्यावर मागणी वरच्या टोकाच्या दहा टक्क्यांच्या आत असेल तर काहीच कापत नाही, तो नुसता ओलावा. दहा ते पंचवीसच्या मधे असेल आणि बोलूनही खाली येत नसेल तर थोडे कापतो आणि मालकांना सांगतो की माणूस हवा असेल तर मर्यादा हलवावी लागेल. पंचवीसच्या वर आणि माणूस ठाम असेल तर गुण कापत बसत नाही, फुली मारतो. ठिकाणाचंही तेच. येणारच नाही हे नक्की असेल तर त्याला शंभरपैकी ऐंशी देण्यात काही अर्थ नाही. तो चांगला आहे, पण या जागेपुरता शून्य आहे. खरा घोटाळा बेरजेत होतो. येणार नाही अशा माणसाच्या शिक्षणाचे आणि अनुभवाचे गुण त्याला वर ठेवतात, आणि येणाऱ्याचे कापलेले वीस त्याला खाली ढकलतात. म्हणून मी आता तो रकाना शंभरात धरत नाही. कामाचे गुण वेगळे, ‘येईल का, राहील का’ वेगळं, त्यात आकडा नाही, फक्त ‘अडचण नाही’, ‘विचारायचं आहे’, किंवा फुली.

आणि दिलेल्या-कापलेल्या प्रत्येक आकड्यापुढे मी एक शब्द लिहितो : कुणी सांगितलं. उमेदवारानं सांगितलं असेल तर कापणी राहते. मालकांनी सांगितलं असेल, किंवा माझंच मन सांगत असेल, तर खोडतो. त्या दिवशीच्या तक्त्यात हा शब्द लिहायला बसलो असतो तर हडपसरच्या वीसपुढे ‘मालक’, उदगीरच्या दहापुढे ‘मालक’, आणि नांदेडच्या अठरापुढे ‘उमेदवार, अप-डाऊन’ असं आलं असतं. पण तेव्हा मी तो लिहीत नव्हतो. फोनांवरून मी जे काही सांगितलं ते मालकांनी ऐकून घेतलं, आणि मग तक्त्याची बेरीज बघितली. बेरजेत नांदेड पहिलं होतं. “छापील आहे ना,” ते म्हणाले, आणि मोंढ्यात गेले.

नांदेडवाला कोजागिरीच्या आसपास रुजू झाला. पहिला आठवडा तो मित्राच्या खोलीवर राहिला. दुसऱ्या आठवड्यापासून अप-डाऊन. तिसऱ्या आठवड्यात सातच्या पाळीला तो साडेआठला येऊ लागला, आणि तोवर गेटवर गाड्यांची रांग, नमुना काढायला माणूस नाही, शेतकरी आणि आडते ओरडतायत. पाचव्या आठवड्यात त्यानं राजीनामा दिला, हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून. त्याची चूक मला एवढीच दिसते की त्यानं सव्वीसला दोनशे ऐंशीनं गुणून बघितलं नाही, आणि ती आमचीही तेवढीच.

मी औशाच्या मुलाला फोन लावला. तो पुण्यातच दुसरीकडे लागला होता. उदगीरच्या मुलीला लावला. ती म्हणाली, “येते सर, पण आता मला तुमची जाहिरात नीट वाचता येते. सव्वीसच्या खाली नाही.” ऐन हंगामात मालकांनी सव्वीस मान्य केले, एका मिनिटात, मर्यादेचा उल्लेखही न करता.

पुढच्या जागेसाठी जाहिरात मी लिहून दिली. ‘ठिकाण : लातूर एमआयडीसी. हंगामात तीन पाळ्या, पहिली सकाळी सात. लातुरात किंवा तासाभराच्या अंतरावर राहणं आवश्यक. हातात पडणारा पगार २५,५०० ते ३५,०००.’ मालकांनी वाचली, मान हलवली, आणि शेवटच्या ओळीवर माझ्याच लाल पेनानं काट मारून वर लिहिलं, ‘पगार पात्रतेनुसार.’

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू झाले. पहिला भोकरहून.

“नमस्कार सर. जाहिरात बघितली. पगार किती हाय?”